‘निष्काळजीपणा’ कुणाला दिसला?

समजा, प्रेस शॉपमध्ये एका कामगाराची दोन बोटं चिरडली. अहवालात हमखास वाक्य येतं : ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ पण निष्काळजीपणा कुणाला दिसला? दिसलं ते एवढंच : दुपारी 3.40 वाजता त्याने उजव्या हाताने बटण दाबलं, तेव्हा डावा हात डायमध्ये होता. मशीनला दोन बटणं आहेत, दोन्ही हात गुंतावेत म्हणून. दुसरं बटण चिकटपट्टीने आधीच दाबून ठेवलेलं होतं.

‘निष्काळजीपणा’ लिहिला की चौकशी तिथेच संपते. चिकटपट्टी लिहिली की पुढचे प्रश्न येतात : ती कधीपासून होती? आणि एक बटण कायम दाबलेलं असताना मशीन चालूच कसं होतं?

मात्र दोष न देणं म्हणजे कर्ता गाळणं नव्हे. ‘पट्टी लावण्यात आली होती’ हे वाक्य सभ्य वाटतं, पण ते माहिती लपवतं. ‘सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरने लावली, सुपरवायझरने पाहिली, मशीन थांबवलं नाही’ असं लिहावं. नाव नको, हुद्दा हवा. शिक्षा द्यायची की नाही, हा प्रश्न वेगळा. तो या कागदावर सोडवायला गेलो, तर पुढच्या वेळी पट्टीबद्दल कुणी बोलणारच नाही.