राजीनाम्याचा महिना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात मी राजीनाम्यांची फाईल चाळत बसलो होतो. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक तरुण इंजिनिअरांनी दोनच शब्द लिहिले होते : वैयक्तिक कारण. मालकांचं मत पक्कं होतं, की पोरांना पुणं हवं असतं आणि तेवढा पगार आपल्याला परवडत नाही. म्हणून नवी वेबसाईट करायची, तिच्यावर समुद्राचे फोटो टाकायचे आणि ‘आम्ही एक कुटुंब’ असं लिहायचं, असं ठरत होतं.

समुद्र कोकणातल्या मुलाला लहानपणापासून माहीत आहे, आणि तो पाहूनही घरटी एक माणूस मुंबईला गेलेलाच आहे. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत साधारण १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. गिरण्यांच्या काळापासून मुलगे बाहेर पाठवणाऱ्या या मुलखात कारखान्याची खरी स्पर्धा पुण्यातल्या कंपन्यांपेक्षा ‘हुशार असेल तो जातो’ या समजुतीशी आहे. इथे थांबलेल्या मुलाला कुठे काही मिळालं नाही, असं गाव धरून चालतं.

टिम अ‍ॅम्बलर आणि सायमन बॅरो यांनी १९९६मध्ये ‘एम्प्लॉयर ब्रँड’ ही कल्पना मांडली, ती जाहिरातीपुरती नव्हती. त्या विशिष्ट कंपनीत नोकरी केल्यानं माणसाला कामाचे, पैशाचे आणि मनाचे जे फायदे मिळतात आणि ज्यांवरून ती कंपनी ओळखली जाते, तो तिचा ब्रँड. तो आपल्याकडे वसतिगृहातल्या खोलीत ठरतो. लवेलच्या घरडा कॉलेजातला किंवा आंबवच्या माने कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा मुलगा वेबसाईट नंतर उघडतो, आधी सीनिअरला फोन लावतो.

म्हणून मी फाईलमधली कारणं सोडली आणि तारखा पाहिल्या. रुजू झाल्यापासून कितव्या महिन्यात माणूस गेला, हे आधी मांडून पाहावं. पहिल्या तीन महिन्यांत गेला, तर मुलाखतीत सांगितलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळलं नाही. वर्ष-दीड वर्षानं गेला, तर बहुधा शिकणं थांबलं. तीन-चार वर्षांनी गेला, तर लग्न, भाड्याचं घर, जोडीदाराची नोकरी. ही तीन दुखणी वेगळी आहेत, आणि पगारवाढ तिन्हींवर सारखी लागू पडत नाही.

इथे गर्दी होती चौदाव्या महिन्याच्या आसपास. सोडून गेलेल्यांशी सहा महिन्यांनी फोनवर बोललो. बाकीचे पैसे मिळालेले असतात, अनुभवाचं पत्र हातात असतं, तेव्हा माणूस मोकळं बोलतो. एक जण म्हणाला, “सर, वर्षभर मी लॉगबुकात तापमान आणि प्रेशर लिहिलं. ते का वाढलं हे कुणी विचारलं नाही, आणि मी विचारलेलंही आवडलं नाही.” रिअ‍ॅक्टरसमोर उभं राहून तो ऑपरेटरचीच नोंद पुन्हा करत होता. वर दोन वर्षांचा बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या कपाटात. त्या कपाटाची बातमी कॉलेजात पोचायला वेळ लागत नाही.

मी सुचवलं ते एवढंच. प्रमाणपत्रं परत करा. ट्रेनीच्या चोवीस महिन्यांचं वेळापत्रक लिहून काढा : पहिले सहा महिने शिफ्टमध्ये, पुढचे सहा मेंटेनन्स आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, आणि दुसऱ्या वर्षी एक स्वतःचं काम, म्हणजे एखाद्या ड्रायरचा वाळवण्याचा वेळ कमी करणं किंवा सॉल्व्हंटची गळती शोधणं. शेवटी त्यानं ते प्लांट हेडसमोर मांडायचं. मोठ्या कंपनीत एकाच विभागाच्या कोपऱ्यात माणूस वर्षं काढू शकतो. दोन वर्षांत अख्खा प्लांट हाताखालून जाणं ही लहान कारखान्याची खरी जमेची बाजू आहे, आणि पुण्याशी बरोबरी करायची ती तिथेच.

त्याच कागदावर वाईटही लिहायला सांगितलं : महिन्यात किती रात्रपाळ्या, कोणत्या वासात काम, बस कुठवर येते, पावसात घाट बंद पडला तर काय. मालक घाबरले, म्हणाले, “हे वाचून कोण येईल?” काही येणार नाहीत, हे खरंच आहे. पण ते चौथ्या महिन्यात जाण्यापेक्षा आधीच न आलेले बरे; येऊन गेलेल्यांच्या मागे पुन्हा भरती आणि पुन्हा शिकवणं येतं.

तिसऱ्या दुखण्याला मात्र या कागदानं काही होत नाही. बायको आयटीत असेल तर तिला इथे तसं काम मिळणं अवघड, आणि ते एका कारखान्याच्या हातात नाही. म्हणून चार वर्षांनी जाणाऱ्याला नीट निरोप द्यावा, असं मला वाटतं. पुढच्या मुलाचा फोन त्यालाच जाणार आहे.

पुढच्या मुलाखतीत एका मुलीनं तो कागद दोनदा वाचला आणि रात्रपाळीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “परतीची बस कुठवर सोडते, हे यात नाही.” मॅनेजरनं पेन काढलं आणि बसचालकाला फोन लावला.