ब्रेक घेतला, पण रुग्ण कोणाकडे दिला?

परिचारिकांची पाळी आठ तासांची असावी की बारा, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो आणि दर वेळी घड्याळापाशीच थांबतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली, तेव्हापासून तास मोजण्याची आपली सवय आहे आणि ती चांगलीच आहे. अतिदक्षता विभागात मात्र तेवढ्याने भागत नाही.

लांब पाळीमुळे जास्त दिवस ऑफ मिळतो, सिस्टर्सनाच ती हवी असते, हे खरे. पण त्याने अकराव्या तासाचा थकवा कमी होत नाही. सेवाभावाचे नाव घेऊन ब्रेक नाकारणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज वाटत नाही. उत्तर द्यायचे ते तिसऱ्या, शहाण्या वाटणाऱ्या मुद्द्याला: बारा तासांच्या पाळीत दिवसाला तीनऐवजी दोनच हँडओव्हर होतात, म्हणून निरोप गहाळ होण्याची शक्यता घटते.

हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: सिस्टर पाळीच्या मधे रुग्णापासून हलतच नाही. ती जेवायला गेली तर जाताना रुग्ण कोणाच्या तरी हाती द्यावे लागतात आणि आल्यावर परत घ्यावे लागतात. एका ब्रेकचे असे दोन हँडओव्हर. आठ तासांच्या तीन पाळ्यांत प्रत्येकी एक ब्रेक धरला तर दिवसाला तीन मोठे आणि सहा छोटे, म्हणजे नऊ हँडओव्हर होतात. बारा तासांच्या दोन पाळ्यांत प्रत्येकी दोन ब्रेक धरले तर दोन मोठे आणि आठ छोटे, म्हणजे दहा. वाचलेले हँडओव्हर गेले कुठे? ब्रेक मिळत नाहीत किंवा न सांगता घेतले जातात, तिथेच ते वाचतात. छोटा हँडओव्हर मोठ्याइतका जोखमीचा नाही, सिस्टर स्वतःच परत येते, हे मान्य. पण नॉरॲड्रिनॅलिनची सिरिंज वीस मिनिटांत संपणार आहे हे सांगायचे राहिले, तर रक्तदाब कोसळायला तो अर्धा तास पुरतो.

बारा खाटांचा विभाग घेऊ. दोन रुग्णांमागे एक सिस्टर, म्हणजे सहा जणी. दिवसपाळी सकाळी आठ ते रात्री साडेआठ, रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी साडेआठ. दोन्ही टोकांना अर्धा तास दोघी एकत्र असतात. त्यात प्रत्येक खाटेपाशी पंधरा मिनिटे मिळतात. पंपाचा दर औषधाच्या चार्टशी ताडायचा, व्हेंटिलेटरची सेटिंग वाचायची, कोणता रिपोर्ट यायचा आहे ते सांगायचे. हा अर्धा तास पाळीत धरला नाही, तर जाणारी सिस्टर तो स्वतःच्या वेळेतून देते किंवा खाटेपाशी न जाता काउंटरवरच बोलून निघते. पण तो धरला की पाळी साडेबारा तासांची होते, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकन परिचारिकांच्या रोजच्या नोंदींवरील अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चुकीची शक्यता तिप्पट आढळली होती. त्यामुळे ओव्हरलॅप मागणाऱ्याने ब्रेकही तितक्याच आग्रहाने मागायला हवा.

सहा जणींचे अर्ध्या तासाचे ब्रेक म्हणजे तीन तास, असे रोस्टर करणारा धरतो. ब्रेकच्या दोन्ही टोकांना पाच मिनिटे द्या-घ्यायला धरली, की ते चार तास होतात. दोन फेऱ्यांचे आठ. दहा ते दोन पहिली फेरी, मग रिलिव्हरचे स्वतःचे जेवण, अडीच ते साडेसहा दुसरी फेरी. हे आठ तास करणारी सातवी सिस्टर अतिदक्षतेतलीच प्रशिक्षित हवी. ती नसेल तर शेजारणीकडे दोनाचे चार रुग्ण होतात. कॅलिफोर्नियात २००४पासून लागू झालेल्या नियमांत दोनास एक हे अतिदक्षतेतले प्रमाण सदासर्वकाळ पाळावे लागते, जेवणाच्या सुट्टीतही. मला त्या कायद्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

वेळ देणे आणि जबाबदारी काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यानेही पाच तासांनंतर अर्धा तास दिला होता. यंत्रावर तो पुरतो, कारण यंत्र बंद करता येते. सिस्टरचा फोन खिशात वाजत असेल, अलार्म ऐकून ती घास टाकून धावत असेल, तर तिला वेळ मिळाला, सुटका नाही.

हे ओळखणे अवघड नाही. ब्रेकच्या रजिस्टरमधला अर्धा तास आणि त्याच वेळेचा औषधाचा चार्ट शेजारी ठेवा. एक ते दीड ब्रेक आणि सव्वा वाजता त्याच सिस्टरची सही दिसली, तर ब्रेक फक्त कागदावर झाला. सर्व खाटांवर अशा सह्या सापडल्या तर दोष सिस्टर्सचा नसतो. त्या दिवशी सातवी सिस्टर मोकळीच नसते. बहुतेकदा ती रोस्टरवर असते आणि सकाळी कोणी आजारी पडले की पहिल्यांदा तिलाच रुग्ण वाटून दिले जातात. अशा दिवशी मेट्रनने ब्रेक ‘झाला नाही’ अशी नोंद करावी आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत. मग महिनाअखेर पगाराच्या हिशेबातच दिसेल की सातवी सिस्टर किती दिवस नव्हती.