लगड आणि पाटली

घरातलं सोनं कुणाचं? बाईचं, घराचं, की अडचणीच्या वेळी देशाचं? आमच्या गावाकडं सोनं म्हणजे दुष्काळाची तजवीज. विहीर आटली की पाटली गहाण पडते, पाऊस झाला की सुटून येते. पण याच सोन्यावर सरकारनं सत्तावीस वर्षं पहारा ठेवला होता, हे आता तरण्या पोरांना सांगूनही पटत नाही.

१९६२ च्या चीनच्या लढाईनंतर परकी चलनाची ओढाताण होती. सोनं चोरवाटेनं देशात यायचं आणि त्यापायी परकी चलन बाहेर जायचं. सरकारनं आधी सुवर्णरोखे काढले. सोनं द्या, व्याज घ्या. पण सोन्याचा हिशोब जगातल्या भावानं धरला, आणि तो भाव आपल्या बाजारातल्या भावाच्या निम्म्याच्या आसपास होता. मग जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही, आणि दागिन्याखेरीज सोनं असेल तर ते सरकारला कळवायचं.

चौदा कॅरेट म्हणजे काय, ते पाटल्यांवरून बघा. पाच तोळ्यांच्या पाटल्या म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅम. बावीस कॅरेटमध्ये घडवल्या तर त्यात साडेत्रेपन्न ग्रॅम चोख सोनं, चौदात घडवल्या तर चौतीस. वजन तेवढंच, पण दीड तोळ्याहून जास्त सोनं कमी. सावकार कसोटीवर घासून पैसे देतो, वजन बघून नाही. म्हणून बाया चौदा कॅरेटला हात लावीनात. काम थांबलं, आणि पिढीजात कारागिरांच्या शेगड्या विझल्या. चोरट्या सोन्याचा व्यापार मात्र थांबला नाही. १९६६ साली सरकारनं चौदा कॅरेटची अट काढली.

१९६८ ला पक्का कायदा झाला. लगड, वळं, बिस्कीट साध्या माणसानं घरात ठेवायचं नाही. दागिने ठेवायला हरकत नव्हती, पण एकट्याकडं दोन किलो किंवा कुटुंबात चार किलोच्या वर असले तर कळवायचं.

माझी आत्या पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहायची. लक्ष्मी रोडच्या पेढ्या तिथनं हाकेच्या अंतरावर. तिच्या लग्नात बापानं बोरमाळेबरोबर एक लगड दिलेली, पुढं पोरीला काही करशील म्हणून. कायद्याची बातमी आली तसे आतोबा, ते मास्तर माणूस, म्हणाले, "आता ही घरात ठेवणं गुन्हा आहे." आत्या म्हणाली, "अहो, कायदा सरकारचा असंल, लगड माझ्या बापाची हाय." शेवटी लगड वितळवून तिचे तोडे झाले.

आता मला यातला पेच बघा. सोनं तेच, वजन तेच, कपाटही तेच. लगड असताना ती गुन्हेगार आणि तोडे झाल्यावर घरंदाज. जो कायदा वस्तू सोडून तिच्या आकाराला धरतो, त्याच्यापुढं मान झुकवली तरी मन झुकत नाही. पण आतोबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. ते म्हणायचे, "प्रत्येकानं माझ्या बापाची म्हटलं तर देशाचं परकी चलन राखायचं कुणी?" मला वाटतं, सरकारनं मागावं, पण बाजाराच्या भावानं मागावं. निम्म्या भावानं मागितलं की ते मागणं राहत नाही, ते ओढून घेणं होतं.

अमेरिकेतही हेच झालं. १९३३ साली रूझवेल्टनी लोकांची सोन्याची नाणी आणि लगडी जमा करून घेतल्या, दागिने सोडले. औंसाला २०.६७ डॉलर दिले, आणि पुढच्याच वर्षी भाव ३५ डॉलर केला.

आपल्याकडचा कायदा १९९० ला गेला. काढणारे अर्थमंत्री आपल्या कोकणचे मधु दंडवते. आता दागिना असो की बिस्कीट, ठेवायला मर्यादा नाही. आयकराच्या झडतीत विवाहित बाईचे ५००, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने, पावती नसली तरी, सहसा जप्त करत नाहीत. पुष्कळांना ही ठेवायची मर्यादा वाटते. ती तशी नाही. त्याच्या वरचंही चालतं, फक्त कुठनं आलं ते दाखवता आलं पाहिजे.

म्हणून मी सुनांना सांगतो, पावती दागिन्याच्याच डबीत ठेवा. सासूनं दिलं असंल तर कागदावर लिहून सही घ्या. आणि बिस्कीट घेताना ध्यानात ठेवा, दोन्हीकडं सरकारचा हात पहिल्यांदा लगडीवर पडला, पाटलीवर नाही. पाटलीला घडणावळ जाते आणि मोडताना घट बसते हे खरं. पण सरकारं तिला वस्तू समजली नाहीत, बाईचं अंग समजली.