वहिनींच्या दारात उभं राहून

गणपतीच्या आदल्या आठवड्यात डोंबिवली-कळव्याच्या इमारतींत मजल्यामजल्यावर कुलपं दिसू लागतात. चाकरमानी कोकणात निघतो आणि निघता निघता, मागे राहणाऱ्याची बेल वाजवतो. हा मागे राहणारा बहुधा घाटावरचा असतो, नाहीतर गुजराती किंवा तमिळ; कोकणातला असता तर तोही त्याच गाडीत बसला असता. त्यामुळे एकेका मजल्यावरची दोन-तीन घरं एकाच माणसाच्या भरवशावर पडतात, आणि सगळे जण बोलतात तेच: "वहिनी, जरा घराकडे लक्ष असू द्या. आणि काही पार्सल आलं तर घेऊन ठेवाल ना?"

वहिनी हो म्हणतात. दुसरं काय म्हणणार? पण त्यांना नेमकं काय करायचंय, हे यात कुठेच येत नाही. आपल्याला वाटतं, आपण त्यांचा थोडा वेळ मागतोय. प्रत्यक्षात आपण त्यांच्यावर निर्णय टाकून निघालेलो असतो. दारात पार्सलवाला उभा आहे, वहिनींच्या घरी स्वतःचा दीड दिवसाचा गणपती आहे, कढईत तळण पडलंय, आणि तो म्हणतोय, "समोरच्यांचं आहे, आठशे रुपये द्या." द्यायचे की नाही? त्या आपल्याला फोन लावतात. आपली गाडी त्या वेळी रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यात असते, आणि तो बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गावी पोहोचल्यावरही रेंज अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यातच मिळते.

हा आठशे रुपयांचा प्रसंग काल्पनिक समजू नका. घराला कुलूप आहे हे बाहेरच्याला कळलं, की कुणीही खोक्यात चिंध्या भरून शेजारी पैसे मागू शकतो, आणि शेजारधर्म म्हणून ते दिलेही जातात. त्यावर उपाय एकच: जाण्यापूर्वी सांगून ठेवायचं की आमच्या नावाने पैसे मागत जे येईल ते घ्यायचं नाही, मग तो काहीही सांगो. अर्थात हे सांगता यावं म्हणून आपणही त्या दिवसांत रोखीचं काही मागवलेलं नसलं पाहिजे. ऑर्डरींची यादी एकदा उघडून बघावी. जे थांबवता येईल ते थांबवावं, ज्याची तारीख पुढे ढकलता येईल ती ढकलावी, आणि उरलेल्या एक-दोन वस्तूंची नावं वहिनींना चिठ्ठीवर लिहून द्यावीत. चिठ्ठीत नसलेलं सगळं परत. वहिनींच्या हातात "नाही" म्हणण्याचा अधिकार ठेवला, की त्यांचं अर्धं ओझं तिथेच उतरतं.

ओटीपीचा घोळ वेगळा. महागड्या वस्तूवर तो मागतात, आणि तो येतो आपल्या फोनवर, म्हणजे बोगद्यात. अशी वस्तू शेजाऱ्यांसाठी ठेवूच नये. हल्ली सोसायटीच्या फाटकावरचं अॅपही परवानगीसाठी आपल्यालाच विचारतं. आपण उत्तर दिलं नाही की पार्सल फाटकावरून परत जातं किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये पडून राहतं. तेवढ्या दिवसांपुरता दुसरा क्रमांक जोडता येत असेल, तर वहिनींना विचारून त्यांचा घालावा. विचारून हे महत्त्वाचं, कारण मग आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस फाटकावरून त्यांचा फोन वाजवणार.

पासपोर्टसारखी गोष्ट शेजाऱ्याच्या हाती मिळत नाही. पोस्टमन ती ओळख पटवून अर्जदारालाच देतो. दार बंद दिसलं तर तो चिठ्ठी टाकून जातो, पोस्टात ते पाकीट साधारण आठवडाभर थांबतं, आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. दहा दिवसांनी आलेल्याला नुसती चिठ्ठीच सापडते. वहिनींनी इथे एवढंच करायचं: दारात पोस्टाची चिठ्ठी दिसली तर तिचा फोटो पाठवायचा. पुढचं आपलं आपण बघू.

आता घराचं. भाद्रपदात घराला चोराइतकाच धोका पाण्याचा. निघायच्या गडबडीत नळ सोडला, टाकी रिकामी म्हणून पाणी आलं नाही, आणि तो तसाच उघडा राहिला. आपण पनवेल ओलांडेपर्यंत पाणी येतं. बेसिनमध्ये भांडी असतील, जाळीवर भाताची शितं असतील, तर ते जमिनीवर उतरतं आणि खालच्यांच्या छतातून ठिबकू लागतं. म्हणून घरातला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. विजेचं मेन स्विच मात्र उगाच पाडू नये, फ्रिजमधलं सगळं कुजतं. फ्रिजचा एमसीबी तेवढा चालू ठेवून बाकीचे पाडावेत आणि कुठला कशाचा ते पेनाने लिहून ठेवावं. दूधवाला आणि पेपरवाला यांना आपणच सांगायचं. दारात चार दिवसांचे पेपर साचले की सगळ्या जिन्याला कळतं.

एवढं झाल्यावर वहिनींसाठी दिवसाकाठी एकच नजर उरते. येता-जाता कुलूप जागेवर आहे ना, उंबऱ्याखालून पाणी येत नाही ना, वास येत नाही ना, दाराच्या जाळीत कागद अडकलेत तर काढून घ्यायचे. आणि एक वाक्य आपण तोंडाने, स्पष्ट बोलायचं: पाणी किंवा वास आला, तर आम्हाला न विचारता दार उघडा. वास असेल तर दिव्याचं बटण मात्र दाबू नका, आधी खिडक्या उघडा. फोन लागला नाही, तर ठाण्याच्या भावाला करा, हा त्याचा नंबर. हे आधी बोललेलं नसेल, तर किल्ली हातात असूनही भला माणूस दुसऱ्याच्या घरात शिरायला कचरतो, आणि तोवर खालच्यांचं छत भिजलेलं असतं.

किल्लीबद्दल माझं मत जरा कडक आहे. कपाटात दागिने ठेवून किल्ली शेजारी देणं हा मला विश्वास वाटत नाही. खुदा न खास्ता चोरी झाली, तर पोलीस पहिला प्रश्न विचारणार तो किल्ली कुणाकडे होती हा. कुलूप फुटलेलं असलं तरी वहिनींना दहा वेळा तेच सांगावं लागेल, आणि मजल्यावर कुजबुज व्हायला पुरावा कुठे लागतो? दागिने बँकेच्या लॉकरमध्ये टाकावेत आणि घरात मोलाचं काही नाही हे वहिनींना सांगूनही टाकावं. त्या निश्चिंत झोपतील.

परत आल्यावर सोलांची पिशवी आणि गावचे नारळ घेऊन त्यांच्याकडे जाणं होतंच. तेव्हाच, त्याच संध्याकाळी, पार्सलंही उचलावीत. आळस केला तर आपलंच नुकसान. वस्तू परत करायची मुदत साधारणपणे वहिनींनी ती घेतली त्या दिवसापासून चालू झालेली असते, आणि बऱ्याच वस्तूंना ती आठवडा-दहा दिवसांचीच असते. गौरीच्या आधी आलेला मिक्सर अनंत चतुर्दशीनंतर उघडला आणि भांड्याला चीर निघाली, तर दाद मागणं अवघड होतं. म्हणून चिठ्ठीत शेवटची एक ओळ घालावी: खोकं फाटलेलं किंवा चेपलेलं दिसलं तर घेऊ नका, घेतलंत, तर आत काय आहे ते उघडून बघायला आमची हरकत नाही.