मावशीचा पाय ‘बारा’ आहे

सत्तरी ओलांडलेली एखादी मावशी सकाळी भाचीला फोनवर लिहिते: ‘काशी आहेस ग. काळ तुझी आठवण अली. माझा पाय बारा आहे अता.’ लिहायचं होतं ते इतकंच, की कशी आहेस गं, काल तुझी आठवण आली, माझा पाय बरा आहे आता.

हे असं का होतं ते आधी पाहू. ती रोमन अक्षरं दाबते आणि कीबोर्ड त्यांचं देवनागरी करतो. रोमन लिपीत ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ दोघांनाही बहुतेक जण एकच a वापरतात, ल आणि ळ दोघांनाही l. त्यामुळे bara म्हणजे बरा की बारा, आणि kal म्हणजे काल, काळ की कळ, हे कीबोर्डला अंदाजाने ठरवावं लागतं. वरच्या पट्टीवर तो दोन-तीन पर्याय दाखवतो. पण मावशीचं लक्ष खाली अक्षरं शोधण्यात असतं. ती स्पेस दाबते आणि पहिला पर्याय उमटतो. म्हणजे तिला शुद्धलेखन येत नाही असं मुळीच नाही. कागदावर तिने ‘बरा’च लिहिलं असतं.

आता उत्तर. चूक दाखवायची नाही म्हटल्यावर पुष्कळांना वाटतं की चुकीकडे दुर्लक्ष करायचं. मला ते अपुरं वाटतं. ‘छान, छान’ एवढंच उत्तर गेलं तर आपलं म्हणणं पोहोचलं की नाही, हे मावशीला कळत नाही. पाठवल्यावर तिनेही आपलं वाक्य वाचलेलं असू शकतं, आणि ‘काळ’ पाहून ती अस्वस्थही झालेली असू शकते.

माणसं बोलताना चुका कशा सावरतात याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या तिघांनी 1977 साली दाखवलं, की संभाषणात चूक दुरुस्त करण्याची पहिली संधी बोलणाऱ्यालाच मिळते. ऐकणारा सहसा थांबतो. पुढे 1987 मध्ये गेल जेफरसन यांनी दुरुस्तीचे दोन प्रकार वेगळे केले. एकात बोलणं थांबतं आणि चूक हाच विषय होतो. दुसऱ्यात ऐकणारा स्वतःच्या वाक्यात योग्य शब्द वापरून पुढे जातो. त्यांच्या एका उदाहरणात गिऱ्हाईक पाइपाच्या आट्यांना वेगळाच शब्द वापरतं, विक्रेता आपल्या वाक्यात नेहमीचा शब्द वापरतो, आणि पुढच्या वाक्यात गिऱ्हाईकही तोच शब्द उचलतं. दुरुस्ती झाली, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

भाचीने याच रीतीने लिहावं: ‘मी मजेत आहे मावशी. काल मीही तुझ्याबद्दलच बोलत होते. पाय बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जिना चढता येतो का आता?’ यात ‘काल’ आणि ‘बरा’ आले, पण उत्तराला लागतात म्हणूनच आले. मावशी उद्या पुन्हा ‘बारा’ लिहील, कारण दोष कीबोर्डचा आहे. म्हणून इथे योग्य शब्दाचं काम तिला शिकवणं हे नव्हेच. आपलं बोलणं नीट पोहोचलं याची ती पोच असते. तिच्या प्रत्येक चुकीची जोडी आपल्या वाक्यात बसवत गेलं, तर मात्र तीच पोच तपासलेल्या वहीसारखी दिसू लागते. जिन्याचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा: लक्ष पायाकडे आहे, अक्षरांकडे नाही, हे त्यातून कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. तिचा संदेश सरकवून, तो वर चिकटवून उत्तर देऊ नये. चुकलेली ओळ पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर येते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. तेवढ्यात तिने स्वतःच ओळ सुधारली असेल, तर सुधारलेल्या ओळीलाच उत्तर द्यावं. ‘अगं, कळलं होतं मला’ हेही लिहू नये.

मात्र तारीख, औषध, पैसे किंवा पत्ता यांत घोळ असेल, तर गप्प राहणं धोक्याचं. मावशीने ‘रविवारी 14 ला ये’ लिहिलं आणि 14 तारखेला शनिवार असेल, तर विचारायलाच हवं. तेही असं: ‘शनिवारी येऊ की रविवारी? दोन्ही दिवस मी मोकळी आहे.’ ती ‘रविवार’ म्हणाली की काम झालं. गोळीचं नाव कळत नसेल तर पाकिटाचा फोटो मागावा किंवा सरळ फोन लावावा; तिथे अंदाज नको.

आणि मावशीनेच कधी विचारलं, ‘हे सारखं बारा का येतं गं?’ तर पुढच्या भेटीत शेजारी बसून वरची पट्टी दाखवावी, आणि त्यातला ‘बरा’ तिच्याच बोटाने निवडू द्यावा.