सामान घ्यायला ये

शाळा सुटली होती. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. माझ्या सहकारी शिक्षिकेने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘बाजी, हे वाचा आणि खरं सांगा. हा दरवाजा लावायला बोलावतोय की उघडायला?’’

निरोप तिच्या आधीच्या नवऱ्याचा होता. मजकूर एवढाच की तुझे सामान अजून इथे पडून आहे, एकदा येऊन घेऊन जा. समोरासमोर बसून दोन शब्द बोलू, म्हणजे दोघांच्याही मनावरचे ओझे उतरेल.

चार वर्षांचा संसार, मूल नाही. त्याने तलाक दिला तो एकच. 2019 च्या कायद्याने रद्दबातल ठरवलेला, एका दमात तीनदा उच्चारण्याचा प्रकार तो नव्हता. इद्दत संपून पाच महिने उलटले होते. म्हणजे नाते संपले होते. पण एकच तलाक असल्यामुळे, दोघांची मर्जी असेल तर नवा मेहर ठरवून, साक्षीदारांसमोर पुन्हा निकाह करता येत होता. त्यासाठी मध्ये दुसऱ्या कुणाशी लग्न लागण्याची अट नव्हती. म्हणून तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. दरवाजा खरोखरच उघडू शकत होता.

घरातली वडीलधारी माणसे अशा वेळी एका वाक्यात निकाल देतात: इद्दत संपली, आता तो गैरमेहरम, भेटायचेच नाही. एकांतात भेटू नये, हे बरोबरच आहे. पण भाऊ शेजारच्या खोलीत बसला म्हणून तिचा प्रश्न सुटत नाही. चहाचा पेला पुढे ठेवून तो जे बोलेल त्याचा अर्थ काय लावायचा, हे तिला ठरवावेच लागेल.

मला वाटते, या गोंधळाचे मूळ पाच महिन्यांपूर्वीच्या दिवसांत आहे. कुरआनमधल्या सूरह तलाकची पहिलीच आयत सांगते की इद्दतीच्या काळात बायकोला घरातून काढू नये आणि तिनेही निघून जाऊ नये. उघड दुर्वर्तनाचा अपवाद सोडून. या काळात काही नवे घडू शकेल, अशी आशा आयतीच्या शेवटी सुचवली आहे. म्हणजे उघडण्यासाठी एक मुदत दिलेली आहे: सुमारे तीन मासिक पाळ्या, एकाच छपराखाली. माणूस रागातून भानावर येतो, रिकामी थाळी बघतो, खोकल्याचा आवाज ऐकतो. मन फिरले तर रुजू करून मोकळा होतो.

आपल्याकडे मात्र तलाकचा शब्द उच्चारला की त्याच संध्याकाळी भाऊ रिक्षा घेऊन दारात उभा. अंगावरच्या कपड्यांनिशी मुलगी माहेरी. इद्दत पाळली जाते ती आईच्या घरी, त्याच्या नजरेआड. ज्या काळात बोलायचे त्या काळात दोन्ही घरांचे मोठे लोक एकमेकांचे फोन उचलत नाहीत. मग मुदत संपते, सगळे थंड होते आणि आत राहिलेले बोलणे बाहेर पडायला वाट शोधते. तेव्हा कपाट आठवते, शिलाई मशीन आठवते. इद्दतीत जे तोंडाने म्हणायचे होते ते सामानाच्या तोंडून म्हटले जाते.

आता सामानापुरते पाहू. तिच्या माहेरच्यांनी आणि मित्रमंडळींनी दिलेल्या वस्तू, नवऱ्याने आणि त्याच्या नातलगांनी तिला दिलेल्या वस्तू, सगळ्या तिच्या. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याचे कलम 3 हेच सांगते, मेहरसुद्धा त्यातच येतो. हा हक्क आहे आणि हक्क पोहोचवायला भेट लागत नाही. लागते ती यादी, एक टेम्पो आणि दोन्हीकडचा एकेक माणूस. म्हणून ‘सामान ने’ आणि ‘भेट’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. निरोपात ती एकमेकांना बांधलेली होती, एवढेच. पहिले काम मी तिला हे सांगितले, की ही गाठ सोडव.

आपल्या फिकहमध्ये तलाकचे शब्द दोन प्रकारचे मानतात, सरीह आणि किनाया. सरीह म्हणजे उघड शब्द. तिथे ‘माझ्या मनात तसे नव्हते’ ही सबब चालत नाही. किनाया म्हणजे आडून बोललेला शब्द. ‘आपल्या माणसांकडे जा’ याचा अर्थ तलाकही होतो आणि चार दिवस माहेरी राहून ये असाही होतो. अशा शब्दावर थेट निर्णय देत नाहीत. प्रसंग काय होता ते बघतात, बोलणाऱ्याला विचारतात, तुझी नियत काय होती? संसार मोडणाऱ्या शब्दाबाबत आपल्या बुजुर्गांनी इतकी काळजी घेतली. मग मोडलेल्या संसारानंतरच्या शब्दालाही तीच रीत का लावू नये? ‘एकदा भेटून मन हलके करू’ हा किनायाच आहे.

आधी प्रसंग बघितला. हा पहिला निरोप नव्हता. इद्दत संपल्यावर महिनाभराने तिच्या बी.एड.च्या प्रमाणपत्रांची फाइल सापडल्याचे त्याने कळवले होते. भाऊ जाऊन ती घेऊन आला. पुढे कपड्यांची एक पिशवी आली. दोन्ही वेळा ‘बाकीचे नंतर बघू’. ज्याला संपवायचे असते तो सहसा हप्ते पाडत नाही. शिवाय दोन्ही वेळा त्याने आधी विचारले होते, ‘तू स्वतः येशील का?’ या वेळी वेळही मगरिबनंतरची होती आणि त्याची आई त्या आठवड्यात गावी जाणार होती. चार वर्षांचे कपाट उचलायला कुणी मगरिबनंतर बोलावत नाही.

पण ही लक्षणे आहेत, पुरावा नव्हे. घर लहान असते, सामान माळ्यावर असते, एकेक वस्तू सापडत जाते. आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा बोलावणाऱ्यालाच आपली नियत ठाऊक नसते. अर्धे मन माफी मागत असते, अर्धे मन ती रडते का ते पाहणार असते. मनातले अल्लाह जाणे. आपण एवढेच बघू शकतो की त्याच्या मागणीला शेवट आहे की नाही. एका फेरीत पुरे होते ते बंद करणे. प्रत्येक फेरीतून पुढची फेरी निघते ते उघडणे, मग त्याला नाव काहीही द्या.

यात पाप कुठे आहे? परत यावेसे वाटणे हे पाप नव्हे. पाप आहे ते उघडण्यावर बंद करण्याचा बुरखा घालण्यात, कारण तोटा समोरच्याचा होतो. ती निरोप घ्यायला म्हणून जाते आणि आशा घेऊन परतते. आलेल्या स्थळाला ‘थोडे थांबा’ म्हणते. इकडे तो कशालाच बांधलेला नसतो. कुणी विचारले तर म्हणेल, मी तर सामान द्यायला बोलावले होते. जुन्या अरबस्तानात पुरुष तलाक देत आणि इद्दत संपत आली की रुजू करत, पुन्हा तलाक, पुन्हा रुजू. बाई ना बायको, ना मोकळी. सूरह बकरामध्ये रुजू करता येईल असे तलाक दोनवर आणले गेले आणि त्रास देण्यासाठी बायकोला अडकवून ठेवायला मनाई झाली, ती याच छळापायी. सूरह निसामध्ये, एकीकडे पूर्ण झुकून दुसऱ्या बायकोला उपेक्षेत टाकणाऱ्या नवऱ्याला बजावताना शब्द येतो मुअल्लका, म्हणजे लटकत ठेवलेली. आज तिला लटकवायला रुजूची गरज उरलेली नाही. महिन्याकाठी एक निरोप पुरतो.

दुसऱ्या दिवशी ती यादी करून आली. शिलाई मशीन, लोखंडी कपाट, दोन पितळी देगच्या, रजया, पुस्तके, अशा चौदा वस्तू. मी यादी दोनदा वाचली आणि विचारले, ‘‘अम्मीचं पानदान?’’ मरहूम आईचे ते पानदान, त्याच्याबद्दल ती दर आठ-पंधरा दिवसांनी बोलायची. ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, ‘‘ते नंतर कधीतरी आणीन, बाजी.’’

‘बाकीचे नंतर बघू’ हे तिच्याही तोंडात होते. पाच महिने आम्ही त्याच्या निरोपाचा कीस काढत होतो, आणि एक खिळा तिनेही त्या घरात ठोकून ठेवला होता. निरोप वाचणारा निःपक्ष नसतो. ज्याला उघडे हवे असते त्याला प्रत्येक शब्दात उघडे दिसते; ज्याला भीती असते त्याला साधी माफीही सापळा वाटते. म्हणून त्याची नियत विचारण्याआधी आपली विचारावी. मी तिला एवढेच म्हटले, ‘‘तुला परत जायचं असेल तर तेही सरीह म्हण. पानदानाला बोलायला लावू नकोस.’’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग पेन घेऊन पंधरावी वस्तू लिहिली.

उत्तरही तिनेच लिहिले. सोबत यादी आहे, अमुक रविवारी दुपारी भाऊ टेम्पो घेऊन येईल. नव्या निकाहचा विचार असेल तर पैगाम अब्बांकडे पाठवा, मी विचार करून उत्तर देईन. माफी मागायची असेल तर लिहून कळवा, मी वाचेन. याशिवाय काही असेल तर तेही लिहा. त्यासाठी भेट नको.

मूल असते तर हे असे लिहिता आले नसते. मुलासाठी भेटत राहावेच लागते आणि तिथे शेवटची भेट नावाची गोष्टच नसते. इथे ती शक्य होती.

अकरा दिवस उत्तर नव्हते. रविवारी त्याचा मेहुणा दारात हजर होता. भावाने यादीप्रमाणे मोजून सामान चढवले. पानदान मोठ्या देगचीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. त्याखाली चिठ्ठी. दोन प्रसंगांची नावे घेऊन त्याने माफी मागितली होती. भेटीचा उल्लेख नव्हता, पैगामाचाही नव्हता.

ती खूप रडली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तो लावायलाच बोलावत होता. की मी विचारलं म्हणून लावला?’’

याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. भित्रा माणूस सरळ प्रश्नासमोर मागे फिरतो, हे खरे. पण जे उघडणे ‘तुम्हाला काय हवे आहे?’ एवढ्या एका प्रश्नाने नाहीसे होते, त्याच्या भरवशावर पुन्हा चूल मांडता आली असती का? आणि तिने काही तोडलेले नाही. अब्बांच्या घराचा पत्ता त्याला माहीत आहे, पैगामाची वाट आजही तेवढीच मोकळी आहे. फक्त आता यायचे तर पुढच्या दाराने, नाव सांगून यावे लागेल. तोपर्यंत ती कुणाची लटकती नाही.

पानदान आता तिच्या खोलीत, खिडकीपाशी असते.