बांगलादेश नेमका केव्हा जन्मला?

बांगलादेशाच्या जन्माची तारीख विचारली, तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकाला एका तारखेचे उत्तर देता येत नाही. त्या देशाच्या स्वतःच्या कागदपत्रांनुसार तो 26 मार्च 1971 रोजी अस्तित्वात आला. भारताच्या लेखी तो 6 डिसेंबर 1971 पासून देश आहे, कारण त्या दिवशी इंदिरा गांधींनी संसदेत त्याला मान्यता जाहीर केली. पाकिस्तानच्या लेखी मात्र 22 फेब्रुवारी 1974 पर्यंत तेथे ‘पूर्व पाकिस्तान’ हाच प्रांत होता, आणि चीनने तर ऑगस्ट 1975 संपेपर्यंत त्याला मान्यता दिली नाही. भूमी तीच, माणसे तीच आणि ढाक्यातले सरकारही बराच काळ तेच असताना या तारखा साडेचार वर्षांच्या अंतरात विखुरल्या, त्या राज्यत्वाविषयीच्या दोन सिद्धान्तांमधील मतभेदामुळे. तो मतभेद ग्रंथांपुरता नाही. युद्धकैद्यांची सुटका, खटले आणि मालमत्तेची वाटणी असे प्रश्न त्याच्यावर अडकून राहतात.

यांपैकी पहिला सिद्धान्त घोषणावादी म्हणून ओळखला जातो. त्याच्या मते राज्य ही वस्तुस्थिती आहे. स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता हे चार घटक एकत्र आले, की राज्य निर्माण होते आणि इतरांची मान्यता ही आधीच घडून गेलेल्या गोष्टीची पोच ठरते. हे चार निकष अमेरिका खंडातील देशांनी 26 डिसेंबर 1933 रोजी माँटेव्हिडिओ येथे केलेल्या करारात नोंदले गेले, आणि राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसते, असेही त्याच करारात स्पष्ट म्हटले आहे. बलाढ्य शेजाऱ्याच्या मर्जीवर आपले अस्तित्व टांगलेले राहू नये, अशी लॅटिन अमेरिकेतील छोट्या देशांची इच्छा त्यामागे होती, हे विसरून चालत नाही. दुसरा सिद्धान्त निर्मितिवादी आहे. त्याच्या मते आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तित्व मिळते ते आधीपासून असलेल्या राज्यांच्या मान्यतेनेच, आणि त्यापूर्वी तेथे लोक, भूमी व सत्ता असली, तरी कायद्याच्या दृष्टीने राज्य नसते.

मान्यता न दिल्याचा परिणाम काय होतो, या ठिकाणी घोषणावाद्यांची बाजू भक्कम वाटते. 1972 मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिलेली नव्हती, म्हणून ढाक्यावर बॉम्ब टाकणे ही पाकिस्तानची अंतर्गत बाब ठरली असती, असे कोणी म्हटले असते तर त्या दाव्याला जगात फारसा आधार मिळाला नसता. शिवाय निर्मितिवाद त्याच्या टोकापर्यंत नेला, तर एकच प्रदेश दिल्लीसाठी राज्य आणि बीजिंगसाठी प्रांत असा एकाच वेळी दोन्ही राहतो. हान्स केल्सन यांनी 1941 मध्ये ही सापेक्षता तर्काने स्वीकारली, तर हर्श लाउटरपाख्ट यांनी ती टाळण्यासाठी, निकष पूर्ण झाल्यास मान्यता देणे हे इतर राज्यांचे कर्तव्यच आहे, असे 1947 मध्ये मांडले. राज्यांचा व्यवहार मात्र त्या कर्तव्याला कधीच बांधला गेला नाही.

एवढ्यावर घोषणावाद जिंकला असे वाटेल. पण निकष बांगलादेशाला प्रत्यक्ष लावून पाहिले, की अडचण सुरू होते. 10 एप्रिल 1971 च्या, 26 मार्चपासून लागू मानलेल्या घोषणापत्राने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले, आणि 17 एप्रिलला मेहेरपूरजवळच्या बैद्यनाथतला येथे सरकारचा शपथविधी झाला. त्या सरकारचे कामकाज पुढे कलकत्त्याहून चालले. जुलैअखेर त्याने टपाल तिकिटेही काढली, म्हणजे देशातील बहुतेक टपाल कचेऱ्या पाकिस्तानच्या ताब्यात असताना त्या देशाच्या नावाची तिकिटे निघाली. लोकसंख्या आणि भूप्रदेश यांबद्दल वाद नव्हता. लोकांचा कौलही स्पष्ट होता, कारण 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 जिंकल्या होत्या. उणीव होती ती परिणामकारक शासनाची, म्हणजे आपले हुकूम त्या भूमीवर खरोखर पाळले जातील अशा सत्तेची. ही उणीव असताना मान्यता दिली, तर तिला ‘अकाली मान्यता’ म्हणतात, आणि ती मूळ राज्याच्या कारभारात केलेला हस्तक्षेप मानली जाते. सुमारे एक कोटी निर्वासित सीमेपलीकडून येत असताना आणि विरोधी पक्ष तत्काळ मान्यतेची मागणी करीत असतानाही दिल्लीने आठ महिने थांबणे पसंत केले, त्यामागे लष्करी व राजनैतिक तयारीचा भाग मोठा होता. पण हा कायदेशीर धोकाही त्या थांबण्यात होताच.

मान्यता 6 डिसेंबरला दिली गेली, तेव्हा युद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले होते आणि ढाका पाकिस्तानी लष्कराच्याच हाती होते. निकषांची कठोर मोजपट्टी लावली, तर त्या दिवशीही शासनाचा निकष पूर्ण झालेला नव्हता. तरीही भारताच्या आणि त्याच दिवशी मिळालेल्या भूतानच्या मान्यतेने काहीतरी घडवले, हे नाकारता येत नाही, कारण त्या क्षणापासून भारतीय सैन्याला पूर्व आघाडीवर आपण एका मित्र राज्याच्या भूमीवर लढत आहोत असे म्हणता येऊ लागले. मान्यता ही निव्वळ पोच असती, तर ढाका हाती येण्याआधीच ती देण्याची घाई कोणी केली नसती आणि तिच्या निषेधार्थ पाकिस्ताननेही लगेच भारताशी राजनैतिक संबंध तोडले नसते.

16 डिसेंबरचा शरणागतीचा कागद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्यात ‘बांगलादेशातील’ पाकिस्तानी फौजा भारतीय आणि बांगलादेशी सैन्याचे पूर्व विभागातील प्रमुख जगजितसिंग अरोरा यांना शरण येत असल्याचे म्हटले आहे, आणि खाली जनरल नियाझी यांची सही आहे. पाकिस्तानच्या सेनापतीने ज्या नावाच्या कागदावर सही केली, ते नाव मान्य करायला पाकिस्तान सरकारला पुढे दोन वर्षांहून अधिक काळ लागला. कायद्याने यात विसंगती नाही, कारण मान्यता हा सरकारच्या इच्छेचा व्यवहार आहे आणि रणांगणावरील सेनापतीच्या सहीतून ती इच्छा निष्पन्न होत नाही.

मग त्या दिवशी तरी राज्य पूर्ण झाले का? 1920 मध्ये ऑलंड बेटांच्या वादात नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या समितीने फिनलंडबद्दल असाच प्रश्न हाताळला होता. फिनलंडने डिसेंबर 1917 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि रशियासह काही देशांची मान्यताही लवकरच मिळाली होती, तरी समितीच्या मते स्थिर राजकीय व्यवस्था उभी राहून परक्या सैन्याच्या मदतीशिवाय तिची सत्ता सर्वत्र चालू लागेपर्यंत राज्य पक्के झाले असे म्हणता येत नव्हते. हीच कसोटी बांगलादेशाला लावली, तर भारतीय सैन्य परतले तो मार्च 1972 हा आणखी एक दिनांक पुढे येतो. मात्र तोवर सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी मान्यता दिलेली होती, आणि मार्चपर्यंत राज्य नव्हते, असे म्हणणारा अभ्यासक शोधूनच काढावा लागेल.

येथे मतभेदाचे खरे मूळ दिसते. घोषणावादी म्हणतात की राज्यत्व ही वस्तुस्थिती आहे, आणि ते बरोबरच म्हणतात. पण शासन ‘परिणामकारक’ झाले की नाही हे पाऊस पडला की नाही यासारखे डोळ्यांनी दिसत नाही, ते ठरवावे लागते. देशांतर्गत कायद्यात असा निर्णय न्यायालय किंवा निबंधक देतो. राज्यांच्या जगात तसा निबंधक नाही, म्हणून प्रत्येक राज्य स्वतःच निर्णयकर्ते होते आणि तो निर्णय मान्यतेच्या रूपाने व्यक्त करते. घोषणावाद राज्यत्वाची व्याख्या देतो, तर निर्मितिवाद ती व्याख्या लागू झाली हे ठरवणार कोण, याचे वर्णन करतो. दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत, असे गृहीत धरल्यामुळे त्यांचे भांडण संपत नाही.

ऱ्होडेशियाचे उदाहरण घोषणावादाला अधिक अडचणीचे आहे. 11 नोव्हेंबर 1965 रोजी इयान स्मिथ यांच्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. त्याचा अंमल वर्षानुवर्षे चालला, भूमी व लोकसंख्या होतीच, आणि तरीही सुरक्षा परिषदेच्या आवाहनानंतर एकाही देशाने, अगदी दक्षिण आफ्रिकेनेही, त्याला औपचारिक मान्यता दिली नाही. घोषणावादी यावर म्हणतात की बहुसंख्य जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क चिरडून उभारलेली सत्ता राज्यत्वाचा एक नवा, पाचवा निकष पूर्ण करत नाही. हे नैतिकदृष्ट्या पटण्याजोगे आहे, पण नको असलेली प्रत्येक सत्ता नाकारण्यासाठी निकष वाढवत गेले, तर मान्यता देणाऱ्यांची इच्छा दाराने बाहेर घालवून खिडकीतून आत घेतल्यासारखे होते.

बांगलादेशाबाबत हीच इच्छा युद्धकैद्यांच्या प्रश्नात सर्वांत ठळक दिसली. सुमारे 93 हजार कैदी भारतात होते, पण शरणागती संयुक्त सैन्यापुढे झालेली असल्याने ढाक्याच्या संमतीवाचून त्यांना सोडता येणार नाही, ही भारताची भूमिका होती. जुलै 1972 चा सिमला करार दोनच देशांत झाला. बांगलादेश पाकिस्तानशी सार्वभौम समानतेच्या पायावर बसण्याचा आग्रह धरत होता, आणि तो पाया म्हणजेच मान्यता. ज्या 195 कैद्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवण्याचा ढाक्याचा विचार होता, त्यांच्याबद्दल पाकिस्तान मे 1973 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो भारताविरुद्ध; तेथे प्रतिवादी म्हणून बांगलादेशाचे नाव घेणे म्हणजे तो राज्य आहे असे मान्य करणे झाले असते. ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारावरही दोनच सह्या होत्या, बांगलादेशाची संमती घेऊन, आणि त्या 195 जणांचा प्रश्न तसाच राहिला. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्वही ऑगस्ट 1972 मध्ये चीनने नकाराधिकार वापरून रोखले होते. फेब्रुवारी 1974 मध्ये लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या वेळी पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी मान्यता जाहीर केली, आणि 9 एप्रिलला दिल्लीत पहिल्यांदा तिन्ही देशांच्या प्रतिनिधींनी एका कागदावर सह्या केल्या. त्या करारामुळे ते 195 कैदीही खटल्याशिवाय परतले. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले.

त्यानंतर अस्तित्वाबद्दल वाद उरला नाही, पण तारखेबद्दलचा उरला. एकत्रित पाकिस्तानच्या काळातील मालमत्ता आणि कर्जे यांच्या वाटणीचा प्रश्न जून 1974 मध्ये भुट्टो ढाक्याला गेले तेव्हा पुढे आला आणि अनिर्णित राहिला. वारसा कोणत्या दिवसापासून मोजायचा, 26 मार्च की 16 डिसेंबर, हे त्या हिशेबात आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा निबंधक अजूनही कोठेच नाही.